तिसऱ्या चढाईला आलेले पाहुणे

माझ्या भाच्याचं लग्न मी एकाच दुपारी दोनदा मोडायच्या बेतात आणलं होतं. दोन्ही वेळा हत्यार एकच, माझं तोंड. आज त्याचा संसार सुखानं चाललाय, म्हणून हे लिहायची हिंमत करतोय. नाहीतर माझी ताई हा कागद वाचून मला निरवांगीच्या हद्दीत पाऊल ठेवू द्यायची नाही.

मी बारामतीत ठिबकच्या नळ्या विकतो. ताई दिलेली निरवांगीला. तिचा एकुलता एक मुलगा शेती करतो. पेरूची बाग, थोडं डाळिंब, बाकी ऊस. आणि उरलेल्या वेळात, खरं म्हणजे उरत नसलेल्या वेळातही, कबड्डी. हाडापेरानं मजबूत, स्वभावानं गरीब, बोलायला महाग. सोयरिकीच्या बाजारात ह्यातल्या कशालाच भाव नाही. मुलीकडचे विचारतात, नोकरी कुठं? हा म्हणतो, शेती हाय. मग चहा होतो, पोहे होतात, "कळवतो" म्हणतात, आणि कुणी काही कळवत नाही. असं दोन ठिकाणी झालं. ही गोष्ट ताईनं घराच्या चार भिंतींत पुरून ठेवली होती. मलासुद्धा शपथ घालून सांगितली. इथं ताईची पहिली चूक झाली.

तिसरं स्थळ डाळजचं आलं. मुलगी बारामतीतच एका लॅबमध्ये रक्त तपासायची. बघण्याच्या कार्यक्रमात भाचा नेहमीप्रमाणं चटईची वीण मोजत बसला होता. मुलीनंच विचारलं, "कबड्डी खेळता, म्हणजे नेमकं काय करता?"

भाच्यानं मान वर केली. "तिसऱ्या चढाईला जातो."

"म्हणजे?"

"पहिल्या दोन दुसरे करतात. तिसरीला मला पाठवतात."

एवढं बोलून तो परत चटईत शिरला. मुलीला काही उमगलं नाही. पण तिनं हसू दाबलं, ते मी पाहिलं.

पुढचा टप्पा म्हणजे मुलीकडच्यांनी मुलाचं घर बघायला येणं. त्यांना जमत होता एकच रविवार, आणि त्याच रविवारी निमगाव केतकीच्या शाळेच्या मैदानावर कबड्डीचा अंतिम सामना. भाच्यानं आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. म्हणाला, सामना सोडणार न्हाय. दाजी म्हणाले, मग सोयरीक सोड. घरात दोन दिवस चूल पेटली तीही रागानंच. अशा वेळी मामाला फोन करायचा नसतो. त्यांनी केला.

मी म्हणालो, "त्यात काय. पाहुण्यांना आधी मैदानावर आणू, मग घरी नेऊ. मुलाचं कर्तृत्व डोळ्यांनी बघतील. समजावून सांगायला मी हाय की."

ही ताईची दुसरी चूक. तिनं हो म्हटलं.

तर दुपारी चारच्या सुमारास आम्ही दोरीच्या अलीकडं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो. एका टोकाला ताई आणि दाजी. मध्ये मुलीचे वडील, ज्यांना सगळे तात्या म्हणत. त्यांच्या शेजारी त्यांची थोरली बहीण, म्हणजे मुलीची आत्या. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू आणि नजर अशी की वांगं न कापता आतली कीड सांगेल. मग मी. आणि माझ्या पलीकडं मुलगी. घर बघायला मुलीनं स्वतः यायची रीत नाही, पण ती हट्टानं आली होती. तिघांपैकी कुणीही जन्मात कबड्डीचा सामना बघितला नव्हता.

मी घसा खाकरतोय तोच लाऊडस्पीकरवरनं आवाज आला, "मैदानात आपले लाडके बोनसमामा हजर झालेले आहेत. त्यांचं मंडळातर्फे सहर्ष स्वागत."

लोक हसले. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुमाला बोनसमामा का म्हणत्यात?"

"आमच्या वेळेला बोनसचे गुण लई घ्यायचो मी," मी म्हणालो. दाजींना एकदम ठसका लागला.

दोन्ही संघ गादीवर आले. आमचे लाल, समोरचे निळे. सात-सात गडी. आत्याबाईंनी लाल चड्डीतल्या नवरदेवाकडं एकदा पाहिलं आणि पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आमच्या काळात नवरा मुलगा टोपी घालून समोर यायचा. काळ बदलला म्हणायचा."

ताईनं माझ्याकडं पाहिलं. मी घाईघाईनं समजावायला लागलो.

"हे बघा तात्या. सोपं हाय. मधली रेघ म्हणजे बांध. अलीकडं आपलं रान, पलीकडं शेजाऱ्याचं. शेजाऱ्याच्या रानात सात पेरूची झाडं. आपला एक गडी 'कबड्डी कबड्डी' म्हणत बांध ओलांडणार, जेवढ्या झाडांना हात लावता येईल तेवढा लावणार, आणि माघारी बांधावर येणार. ज्याला हात लागला ते झाड बाद. एका झाडाला एक गुण. ह्याला म्हणायचं चढाई."

"आणि झाडांनी ह्यालाच धरलं तर?" मुलीनं विचारलं.

"दम सुटेपर्यंत धरून ठेवलं, बांधावर पोचू दिलं न्हाय, तर हा बाद. त्यांना एक गुण. ती पकड. सगळं तीस सेकंदांत."

"झाडं पळत्यात व्हय?" आत्याबाई म्हणाल्या. "पेरूचं कशाला सांगताय, माणसंच म्हणा की."

पहिली चढाई आमची होती. एक गडी गेला, आत थोडं फिरला, माघारी आला. मग निळ्यांचा उंच गडी आला, मध्येमध्ये पाय टाकून परत गेला. त्यालाही काही गावलं नाही. मग आमचा दुसरा. गेला, हात हलवत आला. मग निळ्यांचा दुसरा, तोही तसाच.

आत्याबाईंना धीर निघेना. "हे काय चाललंय? जातोय, हिंडतोय, येतोय. हात लावला न्हाय, काय न्हाय. ह्यांना पाठवतंय कोण?"

"ती रिकामी चढाई," मी म्हणालो. "चालतं तसं. ती आडवी रेघ दिसतीय का, मधल्या रेघेपास्नं आत? ती निदान रेषा. कुणाला हात लागला न्हाय, तरी ती रेघ एकदा ओलांडून आला की गडी वाचला. न्हाय ओलांडली तर बाद."

"म्हंजी तोंड दाखवून यायचं," तात्या म्हणाले. त्यांना ते पटलं. "पन आपला नवरदेव कवा जाणार? तो नुसता कोपऱ्यात वाकून उभा हाय."

"आता जाईल. दोन रिकाम्या झाल्या की तिसरी त्याची."

आणि नेमकं तेव्हाच स्पीकरवरनं आलं, "करो या मरो. लाल संघाची तिसरी चढाई."

आत्याबाई खुर्चीवरनं अर्ध्या उठल्या. "कोण मरणार?"

आता बघा, इथं मला साधं सांगता आलं असतं. एका संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईला गुण आणावाच लागतो. नाही आणला तर चढाई करणारा बाद आणि समोरच्यांना एक गुण. एवढंच. पण मला उदाहरण देऊन सांगायची खोड. आणि शेजारी सोयरीक बसलेली, तर उदाहरणही तिथलंच सुचलं.

"आत्याबाई, स्थळं बघतो ना आपण? एकदा जाऊन रिकाम्या हातानं आलं, चालतं. दुसऱ्यांदा आलं, तरी चालतं. पण तिसऱ्यांदा गेलो की ठरवूनच यायचं. न्हाय ठरलं तर नवरदेवच बाद. आता आमच्याच पोराचं बघा. दोन ठिकाणी जाऊन रिकामा आला, तर कुणी काय म्हणलं न्हाय. आता तुमच्याकडं तिसरी..."

वाक्य पुढं गेलं नाही. खुर्च्यांच्या त्या टोकाला ताईच्या हातातली पाण्याची बाटली चुरगळल्याचा आवाज आला. दाजी मैदानाकडं इतक्या एकाग्रतेनं बघायला लागले की जणू त्यांनी मला कधी पाहिलंच नव्हतं.

तात्या सावकाश म्हणाले, "दोन ठिकाणी? मध्यस्थ तर म्हणाला, पोरासाठी आत्ताच बघायला सुरुवात केलीय."

"आत्ताच म्हणजे, तसं..." मी म्हणालो. "तिकडं बघा, निघाला."

भाच्यानं माझी लाज राखली. समोर निळ्यांचे सातच्या सात. हा डावीकडनं आत सरकला, एकदा कोपऱ्यातल्या गड्याला हूल दिली, तो मागं दबला, आणि ह्यानं उजवा पाय लांब टाकून सगळ्यात आतल्या रेघेपलीकडं टेकवला. मागचा पाय तेवढ्या क्षणापुरता हवेत. आणि गडी फिरला, दोन टांगांत मधल्या रेघेवर. पंचानं अंगठा वर केला. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

तात्या गोंधळले. "हात तर कुणाला लावला न्हाय. मग गुण कशाचा?"

"बोनस," मी छाती काढून म्हणालो. हा माझा विषय. "ती आतली रेघ बोनसची. निदान रेषेच्याही पलीकडं. कुणाशी झटापट व्हायच्या आधी एक पाय त्या रेघेपलीकडं टेकवायचा आणि मागचा पाय उचललेला पाहिजे. मग हात न लावता एक गुण. तिसरीची अट भागली, नवरदेव वाचला."

"मग सगळेजण तसंच का करत न्हाईत?" मुलीनं विचारलं.

"अट हाय ना. समोर किमान सहाजण राखणीला पाहिजेत. सहा किंवा सात. पाच असले तर रेघ ओलांडून गावभर नाचलं तरी गुण न्हाय."

"का?"

"अहो, घरात सहाजण जागे असताना माजघरापर्यंत जाऊन यायचं ही मर्दुमकी. घर मोकळं असताना कोण शिरत न्हाय?"

आत्याबाईंनी पहिल्यांदाच मान डोलावली. "हे मातुर बरोबर हाय."

मुलगी बोटांवर काहीतरी मोजत होती. पुढच्या पंधरा मिनिटांत मला कळलं की ह्या पोरीला काही सांगायची गरजच नाही. दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून पेशी मोजणारी ती. चढाई सुरू झाली की आधी समोरचे गडी मोजायची, मग खेळ बघायची. आमच्या गड्यानं एकाला टिपलं तेव्हा आमचा बाहेर बसलेला एकजण उठून आत आला. पुढच्या बोनसला मात्र कुणी आलं नाही. तिनं लगेच विचारलं, "आता का न्हाय आला कुणी?"

"बोनसनं गुण मिळतो, बाद झालेला माणूस परत येत न्हाय. तो येतो गडी टिपल्यावर न्हायतर पकड केल्यावर."

"मग बोनस म्हणजे नुसता मान. मनुष्यबळ न्हाय."

मी वीस वर्षं लोकांना हे समजावतोय. इतक्या थोडक्यात मला कधी जमलं नव्हतं.

एकदा निळ्यांच्या गड्यानं बोनस घेतला आणि फिरताना आमच्या भाच्यानं त्याची मांडी धरली. बाकीचे तुटून पडले. पाचजण एकावर. आत्याबाईंनी डोळे मिटले. "अगं बाई, मारत्यात त्याला. त्याच्या आईला ठावं हाय का?"

पंचानं दोन्ही बाजूंना एकेक गुण दिला.

"दोघांनाबी?" तात्या म्हणाले.

"त्यानं बोनस आधी घेतला, तो त्याचा. पण पकडला गेला, तो आपला. आणि तो बाद."

"म्हंजी देवाचं देवाला, घराचं घरी," तात्या म्हणाले, आणि पहिल्यांदा मोकळं हसले. मग लगेच हसू आवरून, मला ऐकू येईल इतक्याच आवाजात म्हणाले, "मामा, ते दोन ठिकाणचं काय ते?"

"मध्यंतरात सांगतो," मी म्हणालो. आणि मध्यंतराची शिट्टी झाल्याबरोबर उसाच्या रसाच्या गाड्याकडं पळालो.

तिथं ताईनं गाठलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"बाबा रे," ती म्हणाली, "आता ह्यापुढं तू फक्त मैदानावर जे दिसतं तेवढंच बोल. उदाहरण देऊ नकोस. तुझ्या हातापाया पडते."

"न्हाय देत."

"आणि ओरडू नकोस."

"मी कशाला ओरडतोय?"

ह्या प्रश्नाचं उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून कुणी दिलं नाही.

उत्तरार्धात पाहुणे बिघडले. म्हणजे चांगल्या अर्थानं. तात्या खुर्ची सोडून दोरीपाशी गेले. कारखान्याच्या सभेत मागच्या रांगेत बसून पेंगणारा माणूस, तो पंचाला म्हणायला लागला, "मागचा पाय टेकलेला होता, बोनस न्हाय." आणि पाय खरोखरच टेकलेला होता. आत्याबाईंनी निळ्यांच्या उंच गड्याशी वैर धरलं. तो चढाईला आला की म्हणायच्या, "आला बघा लांडगा." एकदा आमच्यांनी त्याची पकड केली, तेव्हा त्यांनी टाळी वाजवताना माझ्या गुडघ्यावरच वाजवली. भाच्याचं नाव कुणी घेत नव्हतं, पण "आपला" म्हणायला लागले होते. आपला गेला. आपल्यानं टिपला. मी मनात म्हणालो, झालं काम. माझं तोंड मैदानाच्या गोंगाटात बुडून गेलंय.

शेवटची दोनेक मिनिटं राहिली. आम्ही एका गुणानं पुढं. निळ्यांचे तीनच गडी आत.

"आता तीनच हायत तर चढ की आत," तात्या तळमळले.

"न्हाय तात्या. तीन किंवा कमी असताना त्यांनी पकड केली तर त्यांना एकाऐवजी दोन गुण. आपण पुढं हाय ना? घाई करायची न्हाय. वेळ काढायचा."

तसंच झालं. आमचा गडी गेला, निदान रेषा ओलांडून बाकीची सेकंदं फिरून आला. रिकामी. निळा आला, त्यालाही काही मिळालं नाही. आमचा दुसरा गेला, त्यानंही वेळ खाल्ला. दुसरी रिकामी. आता निळ्यांची चढाई, मग आमची तिसरी, आणि खेळ खलास.

निळ्यांचा तो उंच गडी आला. आत्याबाईंनी "लांडगा" म्हणेपर्यंत त्यानं एका झेपेत आमचे दोन गडी टिपले आणि रेघेवर पोचला. दोन गुण. आता ते एकानं पुढं. आमचे दोन बाहेर, आणि त्यांचे दोन परत आत.

लोक दोरीला भिडले. स्पीकर म्हणाला, "शेवटची चढाई. करो या मरो."

भाचा निघाला. वाकून त्यानं गादीला हात लावला, कपाळाला लावला. एकाला टिपलं तर बरोबरी, दोघांना टिपलं तर जिंकलो, पकडला गेला तर संपलं.

आता इथं मला माझी जुनी गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मला बोनसमामा म्हणतात, ते मी लई बोनस घ्यायचो म्हणून नाही. तरुणपणी अशाच एका सामन्याच्या शेवटच्या चढाईला मी गेलो होतो. एका गुणाची गरज. मी झोकात पाय टाकला, बोनसची रेघ ओलांडली, माघारी आलो, आणि लोकांकडं बघून दोन्ही हात वर केले. गावाकडं हात जोडून तीनदा वाकलो. कुणीतरी खांद्यावर घेईल म्हणून उभा राहिलो. पंच शांतपणे म्हणाला, "मागं बघ, किती गडी हायत?" पाच होते. गुण शून्य. त्या दिवसापासून माझ्या खऱ्या नावानं मला फक्त वीज मंडळ ओळखतं.

असा माणूस पुन्हा तीच चूक करेल का? तुम्ही म्हणाल, शक्य नाही. मीही तेच म्हणालो असतो.

भाचा आत गेला. दहा सेकंद, पंधरा. डावा कोपरा जरा मागं दबला. मला समोर दिसली ती मोकळी बोनसची रेघ. वीस-पंचवीस वर्षं ती रेघ माझ्या स्वप्नात येते, आणि स्वप्नात समोर नेहमी सातजण असतात. मी खुर्चीवर उभा राहिलो आणि पोटातनं ओरडलो, "बोनस घे बोनस! मोकळं हाय!"

माझ्या शेजारनं शांत आवाज आला, "मामा, पाचच हायत."

मुलीनं माझ्यासमोर हात धरला होता. पाच बोटं पसरून.

पण भाच्याच्या कानात तिचा आवाज पोचला नाही, माझा पोचला. त्यानं नंतर सांगितलं ते असं: त्याला पाच ठाऊक होते. पण मामा ओरडतोय म्हटल्यावर त्याला वाटलं, आत्ताच दोघं आत आले, त्यांच्या मागोमाग आणखी एक आला की काय? म्हणून त्यानं क्षणभर मान फिरवून मोजलं. एक, दोन, तीन, चार. पाचवा मोजायचा राहिला, कारण पाचवा त्याच्या घोट्याला होता.

घोटा धरल्यावर बाकीचे आले. भाचा पडला तरी सरपटत होता. हात लांब केला. बोटं आणि मधली रेघ ह्यांच्यात एका वितीचं अंतर राहिलं. धरणाऱ्यांपैकी एकाचाही हात सुटला नाही. शिट्टी वाजली. आम्ही दोन गुणांनी हरलो.

स्पीकरवाल्यानं माझी दखल घ्यायची काही गरज नव्हती, पण त्यानं घेतली. "प्रेक्षकहो, आपल्या बोनसमामांनी पाचजण असताना बोनस मागण्याचा आपलाच विक्रम आज पुन्हा केलेला आहे." मग माझ्या तरुणपणाची सगळी गोष्ट, नमस्कारांसकट, त्यानं निमगाव केतकीला सांगितली. ज्यांना ठाऊक होती ते जास्त हसले.

तात्यांनी दोरीपासनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "लई बोनस घ्यायचा, न्हाय का?"

मग आम्ही गाडीनं निरवांगीला निघालो. भाचा पुढच्या सीटवर, घोट्यावर बर्फाची पिशवी. ताईनं मला मागं डिकीजवळच्या घडीच्या सीटवर बसवलं होतं. तिथं पेरूची दोन क्रेटं होती. मी तिसरं.

घरी चहा झाला, चिवडा झाला. बाग बघून झाली, गोठा बघून झाला. मग सगळे ओसरीवर बसले आणि आत्याबाईंनी पदर सारखा केला. मला वाटलं, आता "कळवतो" येणार.

"पोरा," त्या भाच्याला म्हणाल्या, "दोन ठिकाणी काय झालं ते सांग. तुझा मामा नको, तूच सांग."

ताईनं डोळे मिटले. भाच्यानं बर्फाची पिशवी बाजूला ठेवली.

"पहिल्यांनी विचारलं नोकरी हाय का. न्हाय म्हणलं. दुसरे म्हणाले, घर रस्त्यापास्नं लई आत हाय." पिशवी पुन्हा घोट्यावर धरली. "दोन्ही खरं हाय. लपवायचं नव्हतं मला. आई म्हणाली, म्हणून गप्प बसलो."

"आणि आज? हरलास कुणामुळं?" तात्यांनी विचारलं.

मी चिवड्यात नजर घातली.

"माझ्यामुळं," भाचा म्हणाला. "मला ठावं होतं पाच हायत. दुसऱ्याचं ऐकून मोजायला गेलो. तिसरीला गेलेल्यानं तसं करायचं नसतं."

तात्यांनी कप खाली ठेवला. ह्या पोरानं इतकी वाक्यं एका दमात बोललेली मी कधी ऐकली नव्हती. त्याच्या आईनंही नसावीत.

मुलगी इतका वेळ खाली बघत होती. ती म्हणाली, "तात्या, खरं बोलायचंच ठरलंय तर आपणबी बोलू. ह्यांची तिसरी हाय. आपल्याकडं हे चवथे हायत."

तात्यांना खोकला आला. तो खरा नव्हता. आत्याबाई म्हणाल्या, "अगं ए," आणि पोरीला कोपरानं ढोसलं.

"आधीचे तिघं नोकरीवाले होते," मुलगी पुढं म्हणाली. "येऊन बसले, इकडचं तिकडचं बोलले, गेले. तिघांच्या तिन्ही रिकाम्या." मग ती माझ्याकडं वळली. "मामा, एक विचारू? ही तिसरीची अट फक्त चढाई करणाऱ्याला असते ना? पकड करणाऱ्यानं तिसऱ्याला करावी, चवथ्याला करावी, त्याला काय अट?"

ताई मला उदाहरण देऊ नकोस म्हणाली होती. मी दिलं नाही. नियम तेवढा सांगितला.

"पकड करणाऱ्याला काहीच अट न्हाय. त्यानं फक्त सोडायचं न्हाय."

"मग झालं," ती म्हणाली, आणि रिकाम्या कपबशा गोळा करून आत निघून गेली. परक्या घरात, न सांगता, सरळ स्वयंपाकघरात. भाचा लाल झाला. आत्याबाईंनी तात्यांकडं पाहिलं. तात्या म्हणाले, "आता माझ्या हातात काय ऱ्हायलंय? शिट्टी वाजली की."

लग्न उन्हाळ्यात झालं. मुलीकडनं मागणी एकच होती आणि ती तिनं स्वतः केली होती: लग्नात मामाच्या हातात माइक द्यायचा नाही. मामानं मुलाला धरून बोहल्यावर आणायचा मान मात्र मला दिला. मी त्याला आणताना तोंड मिटून चाललो. फोटोत मी आजारी दिसतो.

आता ती प्रत्येक सामन्याला येते आणि माझ्या शेजारी बसते. नवरा चढाईला निघाला की तिचा एक हात तिच्या मांडीवर असतो, दुसरा माझ्या तोंडासमोर. मागच्या महिन्यात इंदापूरच्या मैदानावर एका नव्या माणसानं मला विचारलं, ह्या बाई तुमच्यासमोर हात का धरतायत? मी सांगायला तोंड उघडलं. तिनं पाच बोटं पसरली. मी मिटलं.

पुढच्या चढाईला समोर सातजण होते. तिनं हात खाली घेतला, मैदानाकडं बघतच म्हणाली, "ओरडा आता."

मी खुर्चीवर चढलो.